हेडफोन नाही, तरी मोबाईल म्हणतोय हेडफोन लावलाय! स्पीकर बदलायच्या आधी हे वाचा



मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकणाऱ्या किंवा नुकतंच टाकलेल्या प्रत्येकाकडे ही तक्रार पहिल्या महिन्यातच येते: "आवाज येत नाही, स्पीकर गेलाय बहुतेक." त्यातले काही फोन असे निघतात की स्पीकर एकदम ठणठणीत असतो. फक्त फोनला वाटत असतं की हेडफोन लावलेला आहे आणि तो सगळा आवाज तिकडे पाठवत असतो. व्हिडिओमध्ये हात कसा चालवायचा ते दाखवलंय. इथे हे का होतं आणि कोणत्या क्रमाने बघायचं ते सविस्तर लिहितोय.

सांगलीच्या बॅचमधल्या एका मुलाचा मला साताऱ्याला फोन आला. त्याच्या काउंटरवर मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक मामा बसले होते. तो म्हणाला, "सर, यूट्यूबला आवाज नाही, कॉलवर समोरच्याचं ऐकू येत नाही. स्पीकर टाकू का? माझ्याकडे आहे."

मी विचारलं, "रिंग वाजते का?"

"हो, रिंग तर मोठ्याने वाजते."

"मग स्पीकर कसा गेला असेल?"

तो गप्प झाला. सुरुवातीच्या काळात मी स्वतः इथेच फसलोय. एका गिऱ्हाइकाचा स्पीकर बदलला, पैसे घेतले आणि फोन चालू केला तर तक्रार जशीच्या तशी. पैसे परत दिले, माफी मागितली, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आलं नाही. म्हणून आधी तपासणी, मग स्क्रू ड्रायव्हर.

फोन फसतो कसा?

३.५ एमएमच्या हेडफोन जॅकच्या आत छोट्या छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. डाव्या कानाची, उजव्या कानाची, ग्राउंडची आणि माईकची. त्याशिवाय "पिन आत आली का?" एवढंच ओळखण्यासाठी आणखी एक संपर्क असतो. फोनला हेडफोन दिसत नाही. त्याला कळतं ते फक्त या संपर्काची स्थिती बदलल्यावर.

जॅक साधारण दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात पिन आत गेली की ओळखीचा संपर्क जोडला जातो. असा जॅक ओलसर झाला की घाम किंवा पावसाचं पाणी तेच जोडण्याचं काम करतं. या लाईनवरून जाणारा करंट अगदीच किरकोळ असतो, त्यामुळे ओलाव्याचा पातळ थरसुद्धा पुरतो. दुसऱ्या प्रकारात संपर्क आधीच जोडलेला असतो आणि पिन आत गेली की पट्टी बाजूला सरकून तुटतो. इथे पट्टीच्या मधे कोरडी धूळ किंवा खिशातला कापूस अडकला तरी पट्टी परत जागेवर येत नाही. म्हणजे ओलावा आणि कोरडा कचरा, दोन्ही गुन्हेगार असू शकतात.

एकदा फोनने हेडफोन मानला की गाणी, व्हिडिओ आणि कॉलचा आवाज तो जॅककडे वळवतो. माईकवाला हेडफोन आहे असं वाटलं तर फोनचा स्वतःचा माईकही बंद होतो, मग समोरच्यालाही आपलं ऐकू जात नाही. पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रिंग आणि अलार्म हेडफोन असतानाही स्पीकरवर वाजतात. म्हणून मी त्याला पहिला प्रश्न रिंगचा विचारला.

दोन मिनिटांची तपासणी

गिऱ्हाइकासमोरच करा, त्यालाही पटतं.

पहिलं, वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर गाणं लावून आवाजाचं बटण दाबा, काही फोनमध्ये चिन्ह तिथे दिसतं.

दुसरं, ब्लूटूथ बंद करा. हे विसरू नका. गिऱ्हाइकाचे इयरबड्स बॅगेत डबीबाहेर चालू राहिलेले असतात आणि आवाज तिकडे जात असतो. फोनला जॅकच नसेल तर आधी हेच बघायचं, मग चार्जिंगच्या सी-टाईप पोर्टमधला कचरा, कारण तशा फोनमध्ये हेडफोन तिथूनच लागतो.

तिसरं, कॉल लावा आणि लाऊडस्पीकरचं बटण दाबा. आता आवाज आला तर स्पीकर चांगला आहे.

चौथं, फोन रीस्टार्ट करा. क्वचित हेडफोन काढला तरी सिस्टीमला ते समजलेलं नसतं, ते रीस्टार्टने सुटतं. चालू झाल्यावर चिन्ह लगेच परत आलं तर दोष बहुतेक जॅकमध्येच आहे. एखादं ठराविक ॲप उघडल्यावरच आवाज गायब होत असेल तर सेफ मोडमध्ये चालू करून बघा. तिथे फोन नीट चालला तर ते ॲप काढायला सांगा. यासाठी फॅक्टरी रीसेट करू नका. जॅकमधली धूळ रीसेटने जात नाही, फोटो मात्र जातात.

मामांच्या फोनवर चिन्ह होतं, ब्लूटूथ बंद होतं, लाऊडस्पीकरवर आवाज आला आणि रीस्टार्टनंतर चिन्ह परत आलं. मी म्हटलं, "टॉर्च मार आत."

"सर, आत पिवळं पिवळं दिसतंय."

हळदीची बारीक पूड आणि घाम यांचा लगदा झाला होता. फोन दिवसभर शर्टाच्या खिशात, जॅक वरच्या बाजूला. यार्डात दुसरं काय होणार?

साफ करायची पद्धत, याच क्रमाने

१. फोन पूर्ण बंद करा, चार्जर काढा. फोन पावसात भिजलेला असेल तर साफसफाईच्याही आधी त्याला वाळू द्या. जॅक खाली तोंड करून पंख्याखाली चोवीस तास ठेवा, तोवर चार्जिंग नाही. हेअर ड्रायर नको, त्याच्या उष्णतेने डिस्प्लेचा गोंद सुटतो. तांदळाच्या डब्यातही नको, तांदळाची पूडच जॅकमध्ये जाते.

२. टॉर्च आणि भिंगाने आत बघा. कधीकधी जुन्या हेडफोनच्या पिनेचं टोक तुटून आत राहिलेलं असतं. ते चमकतं. तसं असेल तर इथेच थांबा, पुढे ढकलू नका. ते फोन उघडून काढायचं काम आहे.

३. जॅक खाली तोंड करून धरा आणि कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिचा दाब जास्त असतो आणि त्यात पाणी असू शकतं.

४. दातांच्या फटीसाठी मिळणारा बारीक ब्रश घ्या. सैल जाईल असाच घ्या, घट्ट बसणारा नको. आत घालून हळू फिरवा आणि बाहेर काढून पुसा. असं तीन-चार वेळा करा. सेफ्टी पिन, टाचणी, सिम काढायची पिन यातलं काहीही आत घालायचं नाही. पट्टी एकदा वाकली की ती परत सरळ होत नाही.

५. लगदा चिकटून बसला असेल तर ब्रशच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब लावा. दुकानात त्याला आयपीए म्हणतात. नव्व्याण्णव टक्केवालं घ्या, सत्तर टक्केवाल्यात पाणी असतं. बाटलीतून थेट जॅकमध्ये ओतू नका, बऱ्याच फोनमध्ये माईकचं भोक शेजारीच असतं. गंजावर मारायचा तेलाचा स्प्रे तर अजिबात नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि हो, आयपीए पेट घेतं. सकाळी देवाला लावलेली उदबत्ती काउंटरवर असेल तर आधी लांब ठेवा.

६. वीस मिनिटं वाळू द्या, मगच फोन चालू करा.

७. आता चांगला हेडफोन घेऊन पिन आठ-दहा वेळा सरळ आत-बाहेर करा. यामुळे अडकलेली पट्टी मोकळी होते आणि संपर्कावरचा मळ घासला जातो. पिन घातली की चिन्ह यायला हवं, काढली की जायला हवं. ही पायरी मुद्दाम शेवटी आहे. साफ न करता पिन घातली तर कचरा दाबून आत बसतो.

मामांच्या फोनमधून ब्रशने पहिल्या वेळी पिवळा गोळा निघाला, तरी चिन्ह गेलं नाही. आयपीएने दुसऱ्यांदा साफ केलं, वाळवलं, पिन आत-बाहेर केली. सहाव्या-सातव्या वेळी चिन्ह गेलं आणि यूट्यूबला आवाज आला. तरी मी त्याला फोन लगेच देऊ नको म्हणालो. अर्धा तास थांबून पुन्हा बघायचं, कारण आत ओल उरली असेल तर चिन्ह परत येतं.

कुठे थांबायचं?

दोनदा साफ करूनही चिन्ह जात नसेल, पिन सैल बसत असेल किंवा पट्ट्यांवर हिरवट गंज दिसत असेल, तर साफसफाईने भागणार नाही. जॅक बदलावा लागेल. अनेक स्वस्त फोनमध्ये जॅक खालच्या चार्जिंगच्या छोट्या बोर्डवर असतो, तो बोर्ड बदलणं सोपं. काहींमध्ये तो मेन बोर्डवर सोल्डर केलेला असतो. तुमचा हात हॉट एअरवर बसलेला नसेल तर ते काम जाणत्याकडे पाठवा. पुराच्या पाण्यात बुडालेला फोनही या लेखातला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पाणी घुसलं होतं, तसे फोन पूर्ण उघडून बोर्ड साफ करावे लागतात, नुसता जॅक पुसून चालत नाही.

आवाज जबरदस्तीने स्पीकरवर वळवणारी ॲप्सही मिळतात. गिऱ्हाईक घाईत असेल तर एखाद-दोन दिवस चालवायला ठीक, पण कॉलवर ती प्रत्येक फोनमध्ये चालतीलच असं नाही आणि मूळ दोष तसाच राहतो. हे त्याला स्पष्ट सांगा.

पैसे किती घ्यायचे?

माझ्या दुकानात तपासणी फुकट आणि जॅक साफ करायचे शंभर रुपये. चिन्ह गेलं नाही तर तेही घेत नाही. पावतीवर लिहितो: "हेडफोन चिन्ह अडकलेले, स्पीकर चालू, जॅक साफ केला." आठवड्याने तोच माणूस परत आला तर काय केलं होतं ते समोर असतं, वाद होत नाही.

सांगलीच्या पोराने त्या दिवशी स्पीकरचे पैसे घेतले असते तर कमाई जास्त झाली असती. पण फोन तसाच राहिला असता आणि मामांनी ते अख्ख्या यार्डात सांगितलं असतं. त्याने शंभर रुपये घेतले आणि मामांना फोन खिशात उलटा, जॅक खाली ठेवायला सांगितलं. चार दिवसांनी मामा दुसऱ्या हमालाला घेऊन आले. त्याच्याही जॅकमध्ये हळदच होती.