बारदान्याची केस स्टडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातील माजलगाव, गेवराई, केज, परळी, अंबाजोगाई या पट्ट्यात पोत्यांचा मोठा ग्राहक म्हणजे साखर कारखाना. साखर 50 किलोच्या पोत्यात भरली जाते आणि गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी खरेदी विभाग बारदान्याचे दर मागवतो. पुरवठादार याच अधिकाऱ्यांसाठी केस स्टडी लिहितो, म्हणजे एखाद्या कारखान्यात त्याच्या पोत्याने काय फरक पडला याची हकीकत. ती कशी असावी, याबद्दल काही समज घट्ट बसले आहेत.

पहिला समज असा की केस स्टडी म्हणजे समाधानी ग्राहकाचे प्रशस्तिपत्र. खरेदी अधिकारी मात्र कौतुक वाचत नाही, तो जुनी स्थिती शोधतो. आधी पोती किती फुटत होती, ती कोणी मोजली, कुठे मोजली? गोदामात थप्पी लावताना फुटलेले पोते आणि व्यापाऱ्याकडे ट्रक उतरवताना फुटलेले पोते यांचा हिशेब वेगळा असतो. फुटण्याचे कारणही वेगळे असते. तोंडाची शिलाई उसवली, हमालाचा आकडा लागला, की उन्हात पडून प्लॅस्टिकचे विणकाम ठिसूळ झाले? आकड्याने फाटलेल्या पोत्यांचा दोष विणकामावर टाकून नव्या पोत्याचे यश सांगितले, तर गोदामात काम केलेल्या माणसाला ते लगेच कळते. म्हणून फुटलेल्या प्रत्येक पोत्यापुढे कारण लिहिलेली गोदामाची नोंदवही ही अशा हकिकतीचा खरा पाया आहे.

दुसरा आणि सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे टक्केवारी मोठी, तर फायदा मोठा. ‘फूट 75 टक्क्यांनी घटली’ हे शीर्षक डोळ्यांत भरते. उदाहरणादाखल एक हिशेब पाहावा. रोज 2,500 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा 10 टक्के धरला, तर रोज 250 टन साखर, म्हणजे 5,000 पोती होतात. केंद्राच्या आदेशानुसार अलीकडच्या वर्षांत 20 टक्के साखर ज्यूटच्या पोत्यांत भरावी लागते. ती वगळल्यास प्लॅस्टिकची 4,000 पोती उरतात, 120 दिवसांच्या हंगामात 4,80,000. फूट 0.4 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आली, तर 1,920 ऐवजी 480 पोती फुटतील, म्हणजे 1,440 पोती वाचतील. एक पोते फुटले की नवे पोते 20 रुपये, पुन्हा भरण्याची मजुरी 10 आणि सांडलेल्या साखरेचे 40, असा 70 रुपयांचा फटका धरला, तर हंगामात 1,00,800 रुपयांची बचत होते.

आता नवे पोते एक रुपयाने महाग असेल, तर जादा खर्च 4,80,000 रुपये. बचत त्याच्या पाव भागाइतकीही नाही. हाच हिशेब उलटा केला, तर पोत्यामागे साधारण 21 पैशांपर्यंतची वाढ परवडते. टक्केवारी खरीच असते, पण पुरवठादाराने परवडणाऱ्या वाढीचा आकडा स्वतः लिहिला नाही तर खरेदी अधिकारी तो दोन मिनिटांत काढतो, आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. व्यापाऱ्यांनी फुटक्या मालापोटी कापलेली रक्कम मोठी असेल, तर हिशेब बदलू शकतो. पण ती कपात पावत्यांवर दिसली पाहिजे.

तिसरा समज कारखान्याच्या नावाबद्दलचा आहे. नाव असल्याशिवाय वजन येत नाही, असे मानले जाते. लेखी परवानगी असेल तर नाव जरूर द्यावे. परवानगी नसेल, तर गाळप क्षमता, हंगाम, पोत्याचे ग्रॅममधील वजन आणि मोजणीची पद्धत एवढे पुरते. मात्र काही तालुक्यांत एखादाच कारखाना असतो. तिथे ‘अमुक तालुक्यातील अमुक टनांचा कारखाना’ असे लिहिणे म्हणजे नाव सांगण्यासारखेच. अशा वेळी तालुका गाळून ‘मराठवाड्यातील’ एवढेच लिहावे.

चांगल्या केस स्टडीने थेट ऑर्डर मिळते, हा शेवटचा समज. सहकारी कारखान्यात खरेदी साधारणपणे निविदेतून होते आणि कागद मुख्य लेखापाल, कार्यकारी संचालक, संचालक मंडळ असा फिरतो. केस स्टडीचा उपयोग निविदेच्या आधी होतो, अटी ठरताना. पोत्याचे वजन, शिलाईचा प्रकार, साखरेच्या प्लॅस्टिक पोत्यासाठीचे आयएस 14968 हे मानक, या गोष्टी अटींत आल्या, तर हलके पोते केवळ कमी दरावर पुढे सरकत नाही. त्यासाठी मजकूर दोन पानांत मावावा, हिशेबाचा तक्ता एका पानावर यावा आणि पोते कुठे टिकत नाही हेही त्यात लिहिलेले असावे. हमाल आकडा वापरत असतील, तर मजबूत विणकामाचे पोतेही फाटते.