अखेरच्या तीन दिवसांतली घरघर

कॅन्सरच्या रुग्णाला शेवटच्या टप्प्यात घरी आणलं, की घरच्यांची नजर त्याच्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर खिळते. आकडा ९४ दिसला की गावाकडून निघू पाहणाऱ्या भावाला निरोप जातो, "अजून बरं आहे, सावकाश या." फसगत होते ती इथेच. रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन कित्येकांच्या बाबतीत अगदी अखेरपर्यंत बरे राहतात.

मग बघायचं कुठे? ह्यूस्टनचं एमडी अँडरसन कॅन्सर सेंटर आणि ब्राझीलमधलं बारेतोसचं कॅन्सर रुग्णालय इथे डॉ. डेव्हिड हुई आणि सहकाऱ्यांनी २०१० - ११ मध्ये ३५७ रुग्णांच्या दर बारा तासांनी नोंदी ठेवल्या. श्वासागणिक खालचा जबडा हलणं, मनगटाची नाडी न लागणं, लघवी जवळजवळ थांबणं, पापण्या पुरत्या न मिटणं, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी सैल पडणं, घशात घरघर. यांतलं काही दिसू लागलं, तर बहुधा तीन दिवसांच्या आत मृत्यू येतो. मात्र उलटं खरं नाही. यांतलं एकही लक्षण न दिसताही माणूस जाऊ शकतो.

घरच्यांना सगळ्यात असह्य होते ती घरघर. आजोबा गुदमरताहेत, असं वाटून नातू सक्शन मशीन शोधत धावतो. खरं तर गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेल्यामुळे घशात साचलेल्या स्रावातून हवा जाते, तिचा हा आवाज. तोवर शुद्ध जवळजवळ हरपलेली असते. कपाळावर आठ्या नसतील, हातपायांची तगमग नसेल, तर रुग्णाला त्याचा त्रास होत नाही, असंच डॉक्टर मानतात. नळी खोल घातली तर उलट इजा होते. त्याला कुशीवर वळवावं, पाठीशी उशी द्यावी, डोकं थोडं उंच ठेवावं. आवाज कमी करणारी इंजेक्शनं असतात, पण ती दरवेळी लागू पडतातच असं नाही.

"निदान सलाईन तरी लावा, उपाशी कसं ठेवायचं?" हा हट्ट प्रेमापोटी असतो, पण मंदावलेल्या शरीराला ते पाणी पेलत नाही. पाय सुजतात, घरघर वाढते. कोरडं पडतं ते तोंड. दर तासा-दोन तासांनी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसली, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावलं, की आराम पडतो. गंगाजलही चमच्याने ओतू नये, ठसका लागतो. बोट बुडवून ओठांना लावलं तरी विधी होतो. हे काम सुनेला किंवा मुलाला नेमून दिलं, तर नुसतं बघत बसण्याची घालमेलही कमी होते.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवायला हवी: रात्री-अपरात्री प्राण गेला, तर घरी येऊन मृत्यूचा दाखला कोण देणार? त्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.