पाकिटाची मागची बाजू आणि छातीतली जळजळ

महिन्याचा किराणा घरी येतो, पिशवी ओट्यावर रिकामी होते. डाळ, पोहे, कणीक. मग फरसाण, खारी, टोमॅटो केचप, संत्र्याच्या रसाचा खोका. सगळ्यात शेवटी तीन वस्तू मुद्दाम आणलेल्या, कारण घरातल्या पन्नाशीच्या माणसाच्या छातीत रात्री जळजळतं: लिंबाच्या चवीचा सोडा, पुदिन्याच्या गोळ्या आणि मसाला ताकाची पाकिटं. अशी पिशवी पुण्यात दिसेल, परभणीतही दिसेल. उतारा म्हणून आणलेल्या या तीन वस्तूच पुष्कळदा त्रास वाढवतात.

कारण साधं आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं. आंबट ढेकर आणि जळजळ ही त्याचीच लक्षणं. पुदिन्याने तोंड गार होतं खरं, पण तोच पुदिना झडपेचा स्नायू सैल करतो. सोड्यातला वायू पोट फुगवतो, ढेकर येतो, मोकळं वाटतं. मात्र ढेकराबरोबर आम्लही वर येतं. ताक साधं असेल तर बहुतेकांना चालतं. मसाल्याच्या ताकात मिरची असते, आणि आधीच सोललेल्या अन्ननलिकेला ती झोंबते.

म्हणून पाकीट घेताना मागची बाजू आधी वाचावी. तिथे पहिल्यांदा पाहायची ती १०० ग्रॅममागची स्निग्धता. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात आणि झडपही सैल करतात. तळलेल्या फरसाणात किंवा बटाट्याच्या वेफर्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण ३० ते ४० ग्रॅम तेल असतं. खारी हलकी लागते, तोंडात विरते, म्हणून ती पचायलाही हलकी असं वाटतं. प्रत्यक्षात तिचे पापुद्रे सुटतात ते वनस्पती तुपामुळे किंवा मार्गारिनमुळेच. कुरमुऱ्यात मात्र तेल जवळजवळ नसतंच. दुधाचंही तेच: फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण पेलाभर दाट दूध पिऊन लगेच आडवं झालं की मध्यरात्री पुन्हा जाग येते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे आंबटपणा. घटकांच्या यादीत ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ या शब्दांपुढे क्रमांक छापलेला असतो. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २६० म्हणजे व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल, ३३८ म्हणजे कोलातलं फॉस्फोरिक आम्ल. नाव वाचून हे आम्लता कमी करणारं काहीतरी असावं असा समज होतो आणि तिथेच फसगत होते. केचपमध्ये टोमॅटोचा आंबटपणा असतोच, त्यावर यातलं एखादं आम्ल पडतं. कोलात तर आम्ल, वायू आणि कॅफिन तिन्ही एकत्र. कोकम सरबत आपल्याकडे पित्तावरचं म्हणून प्रेमाने दिलं जातं. पण तेही आंबटच असतं. पिऊन छाती जळत असेल तर आग्रह करू नये.

आता तीच पिशवी पुन्हा भरू. फरसाणाऐवजी कुरमुरे आणि घरी थेंबभर तेलात भाजलेला पातळ पोह्यांचा चिवडा. खारीऐवजी साधं मारी बिस्किट, म्हणजे स्निग्धता तिपटीने घटते. रसाच्या खोक्याऐवजी केळी किंवा पपई. सोड्याऐवजी साधं पाणी. पुदिन्याच्या जागी बडीशेप.

तरीही सगळ्यांना सगळंच बाधत नाही. कुणाला चहा चालतो आणि चॉकलेट चालत नाही, कुणाचं उलट. संशयित वस्तू दोन आठवडे बंद ठेवाव्यात, मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक परत सुरू करावी. काय खाल्लं, किती वाजता आणि जळजळ कधी झाली, एवढं कॅलेंडरवर लिहिलं तरी गुन्हेगार सापडतो. वेळ लिहायला विसरू नये: दहाला जेवून साडेदहाला झोपणाऱ्याला मऊ खिचडीही जाळते. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास हवेत.

फेसाळणाऱ्या पाचक चूर्णाची पुडी तात्पुरता आराम देते. पण ती खाण्याच्या सोड्याची असते आणि ५ ग्रॅमच्या पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ती रोज घेऊ नये.

घास अडकत असेल, वजन घटत असेल, शौच काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल, तर पिशवी बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडे जायला हवं. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल आणि घाम फुटत असेल, तर ती अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.