ऑप्शनच्या एका दिवसाच्या नफ्या-तोट्याची फोड

ऑप्शनचा प्रीमियम एका दिवसात का बदलला, याचा हिशेब चार घटकांत मांडतात. मूळ निर्देशांक किंवा शेअर हलल्याचा परिणाम डेल्टा आणि गॅमा दाखवतात, एक दिवस सरल्याचा थीटा आणि बाजाराला अपेक्षित असलेली अस्थिरता बदलल्याचा वेगा. चारही आकडे आदल्या दिवशी बाजार बंद होतानाचे घ्यायचे असतात.

समजा, निफ्टी २४,००० वर आहे. २४,००० स्ट्राइकचा, चौदा दिवसांनी संपणारा कॉल २६२.५ रुपयांना आहे आणि त्यात धरलेली वार्षिक अस्थिरता १४ टक्के आहे. व्याज व लाभांश शून्य धरले, तर ब्लॅक-शोल्स सूत्राने डेल्टा ०.५०५, गॅमा ०.०००६, थीटा दिवसाला उणे ९.४ रुपये आणि वेगा अस्थिरतेच्या दर टक्क्यामागे १८.७५ रुपये येतो. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या घोषणेनंतर निफ्टी १५० अंकांनी चढतो. अनिश्चितता सरल्यामुळे अस्थिरता मात्र १२.५ टक्क्यांवर उतरते.

डेल्टाचा वाटा म्हणजे ०.५०५ गुणिले १५०, अर्थात ७५.८ रुपये. पण निफ्टी चढत असताना डेल्टाही वाढत जातो. त्या वाढीचे श्रेय गॅमाकडे जाते: ०.०००६ गुणिले १५० चा वर्ग, भागिले दोन, म्हणजे ६.८ रुपये. दोनने भागायचे कारण असे की वाढलेला डेल्टा सुरुवातीपासून हाती नव्हता, तो वाटेत हळूहळू वाढला. एक दिवस गेल्याने ९.४ रुपये वजा होतात. अस्थिरता दीड टक्का घटल्याने आणखी २८.१ रुपये जातात. बेरीज होते ४५.१ रुपये.

त्याच सूत्राने नव्या स्थितीतली किंमत ३०९.४ रुपये निघते, म्हणजे प्रत्यक्ष नफा ४६.९ रुपये. दिशेचा अंदाज बरोबर आल्याने ८२.६ रुपये मिळाले होते, त्यांतले ३७.५ रुपये वेळ आणि अस्थिरतेने खाल्ले.

उरलेला १.८ रुपयांचा फरक अनाकलित म्हणून वेगळा दाखवतात. निफ्टी स्ट्राइकपासून दूर गेल्याने आणि मुदत घटल्याने वेगा वाटेतच कमी झाला, पण हिशेबात तो दिवसभर सकाळइतकाच धरला होता. फरकाचा बराचसा भाग अशा परस्परपरिणामांतून येतो.

हा फरक मोठा निघाला तर आधी आकडे तपासावेत. शुक्रवार ते सोमवार थीटा एका दिवसाचा धरला गेला असेल, किंवा क्वचित व्यवहार होणाऱ्या स्ट्राइकचा जुना भाव घेतल्याने अस्थिरता चुकीची निघाली असेल. आकडे बरोबर असूनही फरक राहिला, तर मुदत संपत आलेली असते किंवा बाजाराने मोठी उडी घेतलेली असते. अशा वेळी गॅमा स्वतःच झपाट्याने बदलतो, म्हणून दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला नवे आकडे लावावे लागतात.