पेव्हर आहेत, मग पाणी का मुरत नाही?

भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की भिवंडीत तीनबत्ती, भाजी मार्केटकडे गुडघाभर पाणी हे ठरलेलंच. आपण लगेच म्हणतो, 'गटारं साफ केली नसणार!' ते खरं असेलही, पण गोष्ट तिथे संपत नाही. शहराचं पाणी कामवारी नदीत उतरतं आणि नदी खाडीला मिळते. खाडी भरलेली असेल तर साफ गटारातलं पाणीही पुढे सरकत नाही. म्हणजे ते काही तास पाणी कुठेतरी थांबवायला हवं. ती जागा रस्त्याच्या कडेला करता येते.

जरा हिशोब करू. तुमच्या गल्लीचा रस्ता १०० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे असं धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका रस्त्यावर ४५ हजार लिटर पाणी जमतं. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर! आता याच रस्त्याच्या कडेला एक मीटर रुंदीची शोषपट्टी काढा. वर १५ सेंटिमीटर खोल उथळ चर, त्यात गवत आणि झुडपं. खाली ६० सेंटिमीटर जाडीचा मोठ्या, धुतलेल्या खडीचा थर. खडीच्या तुकड्यांमध्ये साधारण ४० टक्के पोकळी असते. म्हणजे खडीत २४ हजार लिटर आणि वरच्या चरात १५ हजार, मिळून ३९ हजार लिटर पाणी मावलं. रस्त्यावर उरलं सहा हजार, ते गटार सहज घेईल.

पण भरलेली पट्टी रिकामी कधी होणार? ते खालच्या जमिनीवर ठरतं. भिवंडीच्या खाली काळा बसाल्ट आहे. त्यावर मुरूम असेल तर पाणी बऱ्यापैकी झिरपतं, चिकणमाती किंवा कातळ असेल तर नाही. जमीन तासाला १३ मिलिमीटर पाणी पीत असेल, तर आपली पट्टी ३० तासांत रिकामी होते. दोन दिवसांच्या आत पाणी गेलं तर डासांची भीती नाही. त्याहून वेळ लागत असेल तर खडीच्या थरात भोकांचा पाइप टाकून तो गटाराला जोडतात. मग पाणी मुरलं नाही तरी सावकाश, भरती ओसरल्यावर जातं. नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं असतं. तिथे मुरण्याची आशा धरू नये. वरच्या बाजूच्या गल्ल्यांत पाणी अडवलं तरच खालच्यांना आराम मिळतो.

'आमच्याकडे तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत,' असं तुम्ही म्हणाल. तिथेच गंमत आहे. नेहमीचे पेव्हर एकमेकांना चिकटून बसवतात, फटीत बारीक रेती भरतात, खाली दगडाची भुकटी दाबून घट्ट केलेली असते. काही ठिकाणी तर थेट काँक्रीट. पाणी जाणार कुठून? मुरणाऱ्या पेव्हरमध्ये फटी रुंद असतात, त्यात बारीक खडी भरतात आणि खालच्या थरात भुकटी अजिबात नसते. फरक ओळखायचा तर फरसबंदीवर बादलीभर पाणी ओता. जागच्या जागी गायब झालं तर ठीक, वाहत गेलं तर ती फक्त शोभा.

झाडांच्या आळ्यांचंही तसंच. आपण भोवती ओटा बांधतो, म्हणजे माती रस्त्याच्या वर. पाणी वर चढत नाही ना! पट्टी रस्त्यापेक्षा खाली हवी आणि फुटपाथच्या कडेच्या दगडांत ठरावीक अंतरावर खाचा हव्यात.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने २००१ मध्ये एक रस्ता असा करून पाहिला. रस्ता अरुंद केला, दोन्ही बाजूंना चर काढले. त्यानंतरच्या मोजणीत वाहून जाणारं पाणी जवळजवळ ९९ टक्क्यांनी घटलं. पण तिथला पाऊस रिमझिम, बरेच महिने पसरलेला. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा मिळणार नाही.

भिवंडीच्या आणखी दोन अडचणी आहेत. गोदामांच्या रस्त्यांवर कंटेनर धावतात. तिथे मुरणारे पेव्हर बसून जातील. ते गल्ली, फुटपाथ, पार्किंग आणि कॉलेजच्या आवारासाठी ठीक. दुसरी अडचण गाळाची. धूळ, चिखल आणि लूमची रुई फटीत बसली की दोन-तीन वर्षांत पेव्हर बुजतात. पावसाळ्याआधी फटी साफ करून वरची खडी बदलावी लागते. डाइंगचं सांडपाणी किंवा गॅरेजचं तेल येतं तिथे तर पट्टी नकोच, ते थेट जमिनीत जाईल.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? आवारात परवानगी घेऊन हातभर खोल खड्डा खणा. पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. पहिल्या वेळी कोरडी माती जास्त पिते, म्हणून दुसऱ्या वेळचाच आकडा खरा. तो १३ मिलिमीटरच्या वर आला, तर त्या जागी पट्टी चालेल.