फोटोचा व्हिडिओ करताना प्रॉम्प्टमध्ये नेमकं काय लिहायचं? नळदुर्गच्या धबधब्यावरून समजून घ्या

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात बांधलेला दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बंधारा भरला की दोन सांडव्यांवरून पाणी खाली कोसळतं. हेच ते 'नर' आणि 'मादी' धबधबे. त्यांचे फोटो अनेकांच्या मोबाइलमध्ये असतात. आता एआयच्या मदतीने अशा एका फोटोपासून पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ करता येतो. रनवे, क्लिंग, वान अशी अनेक साधनं त्यासाठी आहेत. फोटो द्यायचा आणि सोबत दोन-तीन वाक्यांचा प्रॉम्प्ट लिहायचा, एवढंच काम असतं.

पण बरेचदा व्हिडिओत पाणी कमी आणि भिंतच जास्त हलते, किंवा दोन धबधब्यांचे तीन होतात. फोटो चांगला असूनही असं होतं, कारण अनेकदा चूक प्रॉम्प्टमध्ये असते.

फोटोने काय आधीच सांगितलेलं असतं?

नुसत्या मजकुरावरून व्हिडिओ करायचा असेल, तर सगळं वर्णन करावं लागतं: किल्ला कसा, दगड कुठला, आकाश कसं, कॅमेरा कुठे. फोटो दिला की हे सगळं ठरून गेलेलं असतं. मॉडेल साधारणपणे तुमचा फोटो व्हिडिओची पहिली फ्रेम मानतं आणि पुढच्या फ्रेम त्यावरून तयार करतं. उदाहरणार्थ, वान 2.1 हे मॉडेल सेकंदाला 16 फ्रेम या वेगाने 81 फ्रेम, म्हणजे साधारण पाच सेकंद तयार करतं. त्यातली पहिली फ्रेम तुमची आणि उरलेल्या 80 मॉडेलच्या.

या 80 फ्रेममध्ये काय घडायचं, हे फोटो सांगू शकत नाही. पाणी किती वेगाने पडतंय, तुषार कुठल्या बाजूला जातायत, कॅमेरा स्थिर आहे की पुढे सरकतोय, यातलं काहीच एका स्थिर चित्रात नसतं. प्रॉम्प्टचं काम एवढंच उरतं.

दिसतंय तेच पुन्हा लिहिलं तर काय बिघडतं?

समजा, प्रॉम्प्ट असा लिहिला: 'पावसाळ्यातला नळदुर्ग किल्ला, काळ्या दगडाची भव्य भिंत, बंधाऱ्यावरून कोसळणारे दोन प्रचंड धबधबे, ढगाळ आकाश, सिनेमासारखा प्रकाश.'

यात हालचाल सांगणारा शब्द एकच आहे, 'कोसळणारे'. बाकी सगळं वर्णन. मॉडेल मात्र प्रत्येक शब्दाकडे 'हे व्हिडिओत दिसलं पाहिजे' अशा नजरेने बघतं. फोटोतले धबधबे मध्यम असतील आणि तुम्ही 'प्रचंड' लिहिलं, तर फोटो एक सांगतो आणि मजकूर दुसरं. ही तफावत मॉडेल बहुतेकदा हळूहळू चित्र बदलून भरून काढतं. धार रुंद होत जाते, दगडाचा रंग गडद होतो, कधी कोपऱ्यात एक नवीच धार फुटते.

दुसरं नुकसान असं की, कॅमेऱ्याबद्दल काहीच लिहिलेलं नसलं की तोही निर्णय मॉडेल घेतं. अनेकदा ते कॅमेरा हळूच पुढे सरकवतं, तेव्हा भिंत हलल्यासारखी वाटते.

मग लिहायचं काय?

तीनच गोष्टी ठरवा: काय हलणार, कसं हलणार आणि काय स्थिर राहणार. वस्तूकडे बोट दाखवण्यापुरतं साधं नाम लिहा, विशेषणं गाळा. 'काळ्या दगडाची भव्य तटबंदी' ऐवजी फक्त 'भिंत'. ती कुठली, ते फोटोत दिसतंच आहे.

पाण्याच्या बाबतीत वेग सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचा हिशेब करता येतो. 20 मीटर उंचीवरून सुटलेलं पाणी खाली यायला साधारण 2 सेकंद घेतं. व्हिडिओत तोच प्रवास अर्ध्या सेकंदात होत असेल, तर धबधबा खेळण्यातला वाटतो. पाच सेकंद लागत असतील, तर स्लो मोशन वाटतो. बहुतेक मॉडेलना सेकंदांतला आकडा नीट कळत नाही, म्हणून प्रॉम्प्टमध्ये 'नैसर्गिक वेग' असं लिहा आणि तयार व्हिडिओ मात्र या आकड्यावर तपासा.

बहुतेक साधनं इंग्रजी प्रॉम्प्ट जास्त नीट समजतात. आपल्या फोटोसाठी तो असा होईल:

```
Static tripod shot. Water falls straight down
in both streams at natural speed. Mist drifts
slowly to the left. The pool below ripples.
The walls stay still.
```

म्हणजे: कॅमेरा तिपाईवर स्थिर. दोन्ही धारांतलं पाणी सरळ खाली, नैसर्गिक वेगाने. तुषार हळूहळू डावीकडे. खालच्या डोहात लाटा. भिंती स्थिर. किल्ल्याचं नाव, आकाश, प्रकाश, यातलं काहीच यात नाही.

'कॅमेरा हलवू नका' असं नकारार्थी लिहिणं टाळलेलंही लक्षात घ्या. नकार अनेक मॉडेलच्या हातून निसटतो आणि 'कॅमेरा हलणं' एवढंच उरतं. त्यापेक्षा 'स्थिर' हा होकारार्थी शब्द चांगला. वानसारख्या काही साधनांत नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. त्या तिथे लिहा.

फोटोत नाही ते मागितलं तर?

हालचालीचं बीज फोटोत असावं लागतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या बंधाऱ्याचा फोटो देऊन 'पाणी पडतंय' असं लिहिलं, तर मॉडेलला पाणी कुठूनतरी आणावंच लागतं. ते सांडव्यातूनच येईल याची खात्री नाही, मधल्या भिंतीतूनही फुटेल. अशा फोटोसाठी वाळलेलं गवत हलणं, धूळ उडणं एवढंच मागावं.

कॅमेरा फिरवण्याचंही तसंच. बुरुजाभोवती फेरी मारायला सांगितली, तर मागची बाजू मॉडेलला मनाने रचावी लागते. जे दार, जी खिडकी तिथे कधीच नव्हती, ती व्हिडिओत अगदी खरी वाटते. काल्पनिक किल्ला असता तर बिघडलं नसतं. पण नळदुर्ग कधीच न पाहिलेला माणूस तोच व्हिडिओ पाहून किल्ला तसा आहे असं समजेल. म्हणून खऱ्या वास्तूसाठी कॅमेरा स्थिर ठेवणं किंवा अगदी थोडा पुढे नेणं एवढ्यावर थांबावं आणि पोस्ट करताना व्हिडिओ एआयने केल्याचं सांगावं.

बिघडलंय हे ओळखायचं कसं?

व्हिडिओची पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवा. तटावरच्या चर्या मोजा, धारा मोजा, बुरुजाची कड त्याच जागी आहे का ते बघा. आकडा बदलला असेल, तर मॉडेलने वास्तू बदलली आहे. मग प्रॉम्प्टमधलं एकच वाक्य बदला आणि शक्य असेल तर सीडचा आकडा तोच ठेवून पुन्हा करून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

भिंत तरीही डगमगत असेल, तर वाक्यं वाढवू नका, कमी करा. आधी फक्त पाण्याचं आणि कॅमेऱ्याचं वाक्य ठेवा. ते जमलं की तुषार, मग डोह, असं एकेक जोडत जा.