साखर ९००, तरी उलटी नाही

वय ७४, वजन ६० किलो, वीस वर्षांचा टाइप टू मधुमेह आणि त्यासाठी रोज दोन गोळ्या. अशी एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात तिला लघवीचा संसर्ग होतो. ताप बेताचाच, पण जेवण सुटतं, आणि जेवत नाही म्हणून गोळ्याही बंद होतात. अशक्तपणा वाटतो म्हणून घरचे सरबत आणि ग्लुकोज पावडरचं पाणी देत राहतात. आठवड्याभरात ती दिवसभर झोपू लागते, नातवाचं नाव चुकवते. उन्हाचा आणि वयाचा परिणाम असेल, असं सगळ्यांना वाटतं. शेवटी ग्लुकोमीटर लावला, तर पडद्यावर आकड्याऐवजी HI उमटतं. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेलेली असते.

या अवस्थेला हायपरऑस्मोलर हायपरग्लायसेमिक स्टेट म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘एचएचएस’. मधुमेहातली किटोअ‍ॅसिडोसिस ही आणीबाणी पुष्कळांनी ऐकलेली असते, पण एचएचएसमध्ये दगावण्याचं प्रमाण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. एक कारण रुग्णांचं उतारवय आणि सोबतचे आजार. दुसरं, ती फार उशिरा लक्षात येते.

उशीर का होतो हे इन्सुलिनच्या कामात कळतं. रक्तातली साखर पेशींत पोचवायला इन्सुलिन भरपूर लागतं. चरबीचं विघटन रोखून धरायला मात्र त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. टाइप वनच्या रुग्णात तेवढाही अंश उरत नाही. मग चरबी भराभर वितळते, यकृत तिच्यापासून किटोन बनवतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, हे सगळं एका दिवसात दिसू लागतं. रुग्ण इतका हैराण होतो की त्याला दवाखान्यात न्यावंच लागतं, आणि तेव्हा साखर अनेकदा ३००-४००च असते.

आपल्या आजीच्या शरीरात तो थोडा अंश शिल्लक आहे. त्यामुळे किटोन फारसे बनत नाहीत, उलट्या नाहीत, धाप नाही. धोक्याची घंटाच वाजत नाही आणि साखरेला चढायला आठ-दहा दिवस मिळतात. साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. तरुण माणूस तहानेने घटाघट पाणी पितो. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, गुडघे धरलेले असतील तर उठून माठापर्यंत जाणंही होत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली की पाणी आणखी जातं.

रक्त दाट झालं की मीठ लावलेल्या काकडीसारखं पेशींना पाणी सुटतं, मेंदूच्याही. आजीची झोप तिथून येते. कधी एका बाजूचा हात लुळा पडतो किंवा झटके येतात आणि घरच्यांना अर्धांगवायू वाटतो. म्हणून अशा रुग्णाची साखर आधी बघावी.

दाटपणा मोजता येतो. सोडियमची दुप्पट करायची आणि साखरेला १८ने भागून त्यात मिळवायचं. आजीचं सोडियम १४५, साखर ९००. म्हणजे २९० अधिक ५०, एकूण ३४०. निरोगी माणसात हा आकडा २८५च्या आसपास असतो. ३२०च्या पुढे शुद्ध हरपू लागते. इथलं १४५ फसवं आहे. वाढलेल्या साखरेने पेशींतलं पाणी रक्तात खेचून सोडियम पातळ केलेलं असतं. हिशेबाने ते १५८च्या घरात जातं, म्हणजे पाण्याची तूट दिसते त्याहून मोठी आहे.

ती किलोमागे १०० ते २०० मिली, म्हणजे आजीला ६ ते १२ लिटर. म्हणून उपचार सलाईनपासून सुरू होतो. केवळ सलाईननेही साखर उतरू लागते, कारण मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागतात. आधीच जोरात इन्सुलिन दिलं, तर साखरेबरोबर पाणीही पेशींत शिरतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे किटोन नसतील तर इन्सुलिन मागाहून आणि थोडं देतात, तेही पोटॅशियम बघून. किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये मात्र इन्सुलिनवाचून किटोन थांबत नाहीत, म्हणून तिथे ते लवकर लागतं. काही रुग्णांत दोन्ही अवस्था एकत्र असतात, त्यामुळे रक्तातले किटोन तपासावेच लागतात.

घाई इथे घातक ठरते. साखर तासाला साधारण ९० ते १२० पेक्षा वेगाने उतरू देत नाहीत, आणि सोडियम दिवसात १० पेक्षा जास्त खाली येऊ देत नाहीत. नाहीतर सुकलेल्या मेंदूत पाणी शिरून सूज येऊ शकते. दाट रक्तात गुठळ्या होतात, म्हणून बहुतेकांना हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं जातं. आजीचं हृदय कमजोर असेल तर सलाईनचा वेग आणखी जपून ठरवावा लागतो.

माझं आग्रहाचं सांगणं घरच्यांना आहे. मधुमेही वृद्ध व्यक्ती आजारी पडली, किंवा दम्यासाठी स्टिरॉइड सुरू झालं, तर साखर दिवसातून निदान तीन-चार वेळा मोजा, आणि जेवण सुटलं म्हणून गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करा. लघवीच्या पट्टीवर किटोन दिसले नाहीत, याने निर्धास्त होऊ नका. साखर सतत ३००च्या वर आणि सोबत गुंगी असेल, तर सरबत पाजू नका, घरी इन्सुलिन टोचू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. यातून बरे झालेले बरेच रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा गोळ्यांवर येतात.